शेजारचा मंद तारा

बोरी बुद्रुकच्या रखमाजी आप्पांची हर्षाली लहानपणापासून एका गोष्टीसाठी ओळखली जायची. तिला कोणी काही सांगितलं की ती लगेच हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. "बघून सांगते," म्हणायची, आणि खरोखर बघून यायची. आईनं विचारलं, गायीनं पाणी प्यायलं का, तर ही गोठ्यात जाऊन बादलीत वाकून बघायची. आई, म्हणजे अंजनाबाई, वैतागून म्हणायची, "अगं, अंदाजानं सांग की! तुला काय कोर्टात उभं करायचंय का?"

ही सवय पुढे तिला भौतिकशास्त्राकडे घेऊन गेली. एम.एस्सी. झाली. नारायणगावजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली आणि पुण्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. वय पस्तिशीला आलं. बरोबरीच्या मुलींची पोरं दहावीच्या उंबरठ्यावर होती. ती मात्र सकाळी तास घ्यायची, दुपारी स्टाफरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडायची आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख बघत बसायची.

गावाला शास्त्रज्ञांचं नवल नव्हतं. कुकडीच्या काठावरचे ज्वालामुखीच्या जुन्या राखेचे थर बघायला लांबलांबची माणसं येऊन गेलेली, आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या तर रोजच्याच नजरेतल्या. तरी हर्षाली नेमकं काय करते हे कोणालाच उमगत नव्हतं. आप्पांनाही नव्हतं. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी ती घाईघाईनं शेतावर आली आणि म्हणाली, "आप्पा, बहुतेक ग्रह सापडलाय," तेव्हा आप्पांनी टोमॅटोची तार ओढता ओढता विचारलं, "कोणाच्या पत्रिकेतला?"

ती हसली. मग बांधावर बसून तिनं त्यांना समजावून सांगितलं. एक तारा आहे, साधारण आपल्या सूर्यासारखा. एका उपग्रहानं त्याच्याकडे महिनाभर एकटक पाहिलं आणि त्याचा उजेड मोजत राहिला. उजेड एका सरळ रेषेत चालला होता, पण ठरावीक काळानं थोडा खाली बसायचा, काही तास तसाच राहायचा आणि पुन्हा वर यायचा.

"कशानं?"

"समोरून काहीतरी आडवं जात असणार. ट्रॅक्टरच्या दिव्यापुढून पाखरू गेलं तर दिवा विझत नाही, पण पाखराएवढा उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही. तसं. किती उजेड कमी झाला त्यावरून पाखरू केवढं ते कळतं."

"आन् हे केवढं हाय?"

"उजेड शंभरातला एक भाग कमी होतोय. म्हणजे ताऱ्याच्या तबकडीचा शंभरावा भाग झाकला जातोय. क्षेत्रफळ शंभरावा भाग म्हणजे रुंदी दहावा भाग. रंगावरनं आणि अंतरावरनं तारा सूर्याएवढा आहे हे माहीत आहे. सूर्याचा दहावा भाग म्हणजे आपल्या गुरूएवढा. त्यात अकरा पृथ्व्या शेजारी शेजारी बसतील."

आप्पांनी तार सोडली. "आन् फिरतो किती दिवसांत?"

"कालव्याच्या पाण्याची पाळी असते ना, तशी याची पाळी आहे. एका बसण्यापासून दुसऱ्या बसण्यापर्यंत सव्वातीन दिवस. म्हणजे त्याचं वर्षच सव्वातीन दिवसांचं. जितकी पाळी लहान, तितका तो ताऱ्याजवळ. आपला बुध सूर्यापासून जितका लांब आहे, त्याच्या नवव्या हिश्श्यावर हा फिरतोय."

"भाजून निघत आसंल."

"निघतच असेल."

आप्पांनी तार पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "मंग आता डाक्टर व्हशील?"

हर्षालीनं तेव्हा तिची नेहमीची सवय मोडली. ती "बघून सांगते" म्हणाली नाही. "होईन," म्हणाली.

एवढ्या एका शब्दानं पुढचं सगळं घडलं.

खरं तर तिला शंका माहीत होती. तिचे मार्गदर्शक संयम ओसवाल यांनाही माहीत होती. संयम सर मंचरच्या व्यापारी कुटुंबातले, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी आलेखावर बोट ठेवून सांगितलं होतं, "मॅडम, उपग्रहाची नजर मोठी आहे, पण बारीक नाही. आकाशाचा बराच मोठा तुकडा त्याला एकच ठिपका दिसतो. आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून एक मंद तारा आहे. दोघांचा उजेड उपग्रहानं एकत्रच मोजलाय."

"पण तो चाळीसपट मंद आहे, सर."

"म्हणूनच शक्यता कमी आहे. कमी आहे, शून्य नाही. त्या मंद ताऱ्याचा उजेड चाळीस टक्क्यांनी खाली आला, तर एकत्र मोजणीत तो एक टक्काच दिसेल. जमिनीवरच्या दुर्बिणीनं दोघांना वेगळं करून बघावं लागेल."

त्यासाठी घोडेगावच्या पुढच्या डोंगरावरची मोठी दुर्बीण हवी होती, आणि पुढे होता पावसाळा. जून ते ऑक्टोबर त्या डोंगरावर ढगच वस्तीला असतात. दुर्बिणीची वेळ मिळाली ती नोव्हेंबरातली. आणि हर्षालीच्या पीएच.डी.ची वाढवून घेतलेली शेवटची मुदत होती डिसेंबरअखेर. आधीचे तिचे दोन ग्रह दुसऱ्या लोकांनी तपासून खोडून काढले होते. सगळा प्रबंध आता या एका ग्रहावर उभा होता. तो टिकला तर निबंध छापून येणार, पदवी मिळणार, आणि कायम नोकरीच्या मुलाखतीत तिला बसता तरी येणार. न टिकला तर तासिकाही जाणार होती. पदवी नसलेल्यांना पुढच्या वर्षी घ्यायचं नाही, असं कॉलेजनं तोंडी सांगून ठेवलं होतं.

पावसाचे ते महिने तिनं जसे काढले, तसे तिनं कुठलेच काढले नव्हते. प्रबंधाची बाकीची प्रकरणं लिहून काढली. तो एक आलेख तर तिनं इतक्यांदा बघितला की डोळे मिटले तरी दिसायचा. महिनाभरातली सगळी बसणी तिनं एकावर एक ठेवली होती. अंजनाबाई चौकड्याचं लुगडं घडी करताना चौकडीवर चौकडी आणतात, तसा तो महिनाभराचा आलेख तिनं सव्वातीन दिवसांच्या घड्या घालून एकावर एक आणला होता. एकट्या बसण्यात मोजणीची थरथर असते. सगळी एकत्र आली की सरासरीत थरथर कमी होते आणि खालचा खळगा स्वच्छ दिसायला लागतो. तिचा खळगा फार सुंदर दिसत होता.

इकडे आप्पांनी ही एवढ्या महिन्यांची वाट एकट्यानं काही पाहिली नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उतरवताना त्यांनी कोणाला तरी सांगितलं. तिथून ते गावात आलं. गेणभाऊ म्हणजे गावच्या सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. कुठल्याही गोष्टीचा कार्यक्रम करून टाकायचा हा त्यांचा स्वभाव. ते पारावर आप्पांना म्हणाले, "रखमाजी, कार्तिकातल्या सप्त्याला काल्याच्या दिवशी पोरीचा सत्कार! फेटा, शाल, नारळ. फ्लेक्स मी बघतो."

"आरं, अजून नक्की न्हाई म्हणती ती."

"ग्रह काय पळून जातोय व्हय? सव्वातीन दिवसांनी परत येतो म्हणालास ना?"

पारावर हशा झाला. कोणी म्हणालं, "पयला सातबारा पोरीच्या नावावर करून घ्या राव, न्हाईतर भावकी केस टाकंल." कोणी विचारलं, तिथं पाणी लागतं का. आप्पा हसत होते. आयुष्यभर खाली मान घालून शेती केलेला तो माणूस पहिल्यांदाच पारावर मधोमध बसला होता.

हर्षालीला हे कळलं तेव्हा ती चिडली. "आप्पा, सत्कार पुढं ढकला. निदान तपासून तर होऊ द्या."

"तारखंच्या आधी तुजं तपासून व्हतंय ना?"

"होतंय. दोन दिवस आधी."

"मंग झालं तर," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की तिनं विषय सोडून दिला.

नोव्हेंबरातली डोंगरावरची ती संध्याकाळ स्वच्छ होती. संयम सर पुण्याहून आले. आठच्या सुमाराला ताऱ्याचा उजेड बसायला लागेल, असं तिनं पाळीवरून काढलं होतं. यंत्र चालवणाऱ्यांनी दुर्बीण त्या ताऱ्यावर रोखली. मिनिटामिनिटाला फोटो निघू लागले. पडद्यावर दोन्ही ठिपके पहिल्यांदाच वेगवेगळे दिसले. एक ठसठशीत, आणि त्याच्या खांद्याशी एक बारीक, असला काय नि नसला काय, असा.

डोळ्यांनी त्यात काही कळत नाही. प्रत्येक फोटोत ताऱ्याभोवती एक वर्तुळ कल्पायचं, त्यातला उजेड मोजायचा आणि आसपासच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून बघायचा. हवेत धूर आला, विरळ ढग आला, तर सगळेच मंद होतात. आपलाच एकटा मंद झाला, तर ते खरं. ही मोजणी सकाळी व्हायची होती.

सकाळी पाहुण्यांच्या खोलीत चहाचे कप घेऊन दोघं बसले. आधी हर्षालीनं मुख्य ताऱ्याभोवती लहान वर्तुळ धरलं. रेषा सरळ आली. आलेखावर आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले, रेषा सरळच. तिला वाटलं, वेळ चुकली असेल. पाळीत मिनिटाची चूक असली तरी पाच-सहा महिन्यांत ती साचत जाते.

 मग तिनं तेच वर्तुळ शेजारच्या मंद ठिपक्याभोवती धरलं.

रेषा आठला खाली जायला लागली. खाली, आणखी खाली, जवळजवळ निम्म्यापर्यंत, आणि खालून टोकदार होऊन पुन्हा वर आली. एक टक्का नव्हे, चाळीस टक्के. ज्याला तिनं इतके महिने धरायच्या लायकीचं मानलं नव्हतं, तो एक तारा नव्हता, ते दोन होते. एकमेकांभोवती फिरणारे, एकमेकांना झाकणारे. त्यांचा उजेड चाळीसपट उजळ ताऱ्याच्या उजेडात कालवला गेला होता, म्हणून उपग्रहाला ते एवढंसं बसणं दिसलं होतं. मोठा तारा बिचारा काहीच करत नव्हता.

"वेळ बरोबर होती मॅडम तुमची," संयम सर हळूच म्हणाले. "मिनिटाला मिनिट."

हर्षालीनं लॅपटॉपवर जुना उपग्रहाचा आलेख उघडला. सव्वातीन दिवसांची घडी मोडली आणि साडेसहा दिवसांची घातली. आता एका घडीत दोन बसणी आली, एकाआड एक. एक थोडं खोल, दुसरं थोडं उथळ. दोन जुळ्यांसारखे तारे, पण एक दुसऱ्यापेक्षा किंचित मंद. म्हणून आलटून पालटून फरक. तिच्या पहिल्या घडीत हा फरक एकावर एक पडून पुसला गेला होता. ग्रहाचा आकारही खोटा, पाळीही खोटी. आणि दोन्ही चुका त्या सुंदर खळग्यात लपल्या होत्या.

"सर, हे मला मे महिन्यातच दिसायला हवं होतं."

"फरक फार बारीक आहे. मलाही नाही दिसला."

"तुम्ही शंभर तारे बघता, सर. मी एकच बघत होते."

सर खाली गाडी काढायला गेले. खोलीत ती एकटी होती. तिनं वर्तुळ मोठं केलं, इतकं की त्यात दोन्ही तारे मावतील. आलेख पुन्हा काढला. एक टक्का, अगदी आठला सुरू, हुबेहूब उपग्रहासारखा. तोच तिचा ग्रह समोर उभा राहिला. हा एकच आलेख छापला, लहान वर्तुळाचं नाव काढलं नाही, तर कोणालाही लगेच कळलं नसतं. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पडद्यावरचा तो आलेख बंद केला. जपूनही ठेवला नाही.

परतताना सरांनी थेट गावापर्यंत सोडतो म्हटलं. ती नको म्हणाली आणि घोडेगावातच उतरली. तिला कोणाशी बोलायचं नव्हतं. घोडेगावहून एस.टी.नं मंचर, मंचरहून नारायणगाव. सर उतरवताना एवढंच म्हणाले होते, "विद्यापीठाला मी मुदतीचं पत्र लिहितो. मिळेल असं मात्र सांगत नाही." ते खोटा धीर देणारे नव्हते. तिला त्या क्षणी त्यांनी थोडा दिला असता तर चाललं असतं.

फाट्यावर उतरली तेव्हा समोर फ्लेक्स लागलेला होता. तिचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, मागे शनीसारखी कडी असलेला ग्रह, वर 'बोरीची कन्या, ताऱ्यांची मानकरी'. खाली कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो.

आप्पा ओट्यावर कांद्याचं रोप निवडत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी हात थांबवले.

"आप्पा, ग्रह नाही."

"म्हंजी? व्हता ना?"

"नव्हताच. शेजारचा तारा होता. एक नाही, दोन. ते एकमेकांना झाकत होते."

त्यांनी तिला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिनं तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. अंजनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदम विचारलं, "मंग पदवी?"

"नाही."

"तासिका?"

"पुढच्या वर्षी नाही."

आप्पांनी रोपाची जुडी बांधली. "गेणभाऊला सांगून येतो," म्हणून उठले, चपला घातल्या, आणि अंगणापर्यंत जाऊन परत आले. "पंगतीचं सामान आलंय. कीर्तनकारांनी नाव घ्यायचं ठरलंय. आता कसं सांगू बाय मी?"

"मी सांगेन. स्टेजवर सांगेन," ती म्हणाली.

काल्याच्या दिवशी मांडव भरला होता. दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटला गेला आणि गेणभाऊंनी माइक हातात घेतला. हर्षालीला फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. तिनं माइक मागून घेतला. काय बोलायचं ते तिनं साध्या शब्दांत पाठ केलं होतं.

"मला ग्रह सापडलेला नाही. आम्ही परवा तपासलं. मी ज्याला ग्रह समजत होते, ते शेजारचे दोन तारे आहेत. माझी चूक झाली. हा सत्कार माझा नाही."

 गेणभाऊंनी माइक जवळजवळ हिसकावून घेतला. "ऐकलंत का मंडळी! पोरगी एक ग्रह हुडकायला गेली, आन् दोन तारे घिऊन आली! ग्रह मोठा का तारा मोठा?"

"तारा!" पोरं ओरडली.

"मंग वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या, अशा की मांडवाचा पत्रा वाजला. बायका एकमेकींना सांगत होत्या, किती साधी पोर आहे, चूक झाली म्हणते. हर्षालीनं दोनदा हात वर केला. कोणाला वाटलं नमस्कार करतेय. पुढच्या रांगेत आप्पा बसले होते. सगळ्या मांडवात तेवढ्या एकट्या माणसाला तिचं बोलणं नीट कळलं होतं. त्यांचे हात मांडीवर तसेच पडून होते. शेजारच्यानं कोपरखळी मारली तेव्हा त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या.

मुदत मिळाली नाही. डिसेंबर संपला. जगभरातली माणसं ज्या यादीत असे तपासलेले तारे नोंदवतात, तिथं तिनं स्वतःच नोंद केली: ग्रह नाही, शेजारच्या जोडताऱ्याचं ग्रहण. दोन ओळी. त्यानंतर त्या ताऱ्याकडे कोणी बघायचं कारण उरलं नाही. संयम सरांनी फोन करून सांगितलं की नोंद फार नेटकी झालीय. ती बरं म्हणाली. 

उन्हाळ्यात कॉलेजची तासिका संपली. आता ती वारूळवाडीत एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. तिथं प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चारांतला एक बरोबर असतोच. सकाळी सहाची बॅच, संध्याकाळी पाचची. मधल्या वेळात ती लॅपटॉप उघडत नाही. मुलांनी ग्रहताऱ्यांचं काही विचारलं तर "ते अभ्यासक्रमात नाही," म्हणते. तिच्या हाताखालून गेलेल्या जुन्या मुलांना हे ऐकून खरं वाटणार नाही.

आप्पांचं पारावर बसणं कमी झालं. पण टोमॅटोचा हंगाम आला की बाजारात जावंच लागतं. परवा हर्षाली क्लास सुटल्यावर त्यांच्यासाठी डबा घेऊन गेली. क्रेटांच्या थप्पीआड आप्पा आणि एक ओळखीचे पाहुणे बोलत होते. तिला आवाज आला, म्हणून ती थांबली.

"काय रखमाजीराव, पोरीचा ग्रह काय म्हणतोय?"

 रिकामं क्रेट उचलून दुसऱ्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"हाये की," आप्पा म्हणाले. "फिरतोय. त्याला काय व्हतंय."

"सव्वातीन दिवस ना?"

"हां. सव्वातीन."

हर्षाली डबा घेऊन थप्पीच्या अलीकडेच उभी राहिली. आप्पांच्या तोंडून तिनं आजवर खोटं ऐकलं नव्हतं. पाहुणे जाईपर्यंत ती पुढे झाली नाही. मग गेली, डबा त्यांच्या हातात दिला, आणि तिनं काही ऐकलं नाही असं दोघंही धरून चालले.